सभागृहातील टीव्ही फोनला का सापडत नाही : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात भिंतीवर टीव्ही बसवलेला असून तो फोनवरून कास्ट करण्याची सोय असलेल्या प्रकारातला आहे. २७ ऑगस्टला गणपती बसतील. त्यानंतरच्या दिवसांत मुलांच्या कार्यक्रमांची छायाचित्रे आणि चलचित्रे सभासदांना आपापल्या फोनवरून या टीव्हीवर दाखवता यावीत, अशी समितीची इच्छा आहे. प्रत्यक्षात बहुतेक सभासद कास्टचे चिन्ह दाबतात तेव्हा यादी रिकामीच राहते. फोन काही क्षण शोध घेतो आणि उपकरण सापडले नाही, असे सांगून थांबतो.

सचिवांच्या फोनवरून मात्र टीव्ही लगेच सापडतो. तीच खोली, तोच टीव्ही आणि तेच ॲप असताना एका फोनला जमते आणि बाकीच्यांना जमत नाही, म्हणजे टीव्ही नादुरुस्त असल्याची शंका पहिल्याच दिवशी बाजूला ठेवता येते. टीव्ही एकदा मुळापासून रीसेट करून पाहावा, अशी सूचना बैठकीत आली होती, ती या कारणाने मी थांबवली. रीसेटने सध्याची मांडणी पुसली गेली असती आणि हातातला पुरावाही गेला असता.

आज फक्त मांडणी कागदावर उतरवली. फायबरच्या जोडणीबरोबर आलेला राउटर शेजारच्या सोसायटी कार्यालयात आहे. त्यावर एक मुख्य नेटवर्क आणि एक पाहुण्यांसाठीचे, म्हणजे गेस्ट नेटवर्क आहे. मुख्य नेटवर्कवर कार्यालयाचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि टीव्ही आहे. त्याचा पासवर्ड सचिव आणि खजिनदार यांच्यापुरता मर्यादित आहे, आणि रेकॉर्डर तिथे असल्यामुळे तो तसाच राहिला पाहिजे. सभासदांना दिलेला पासवर्ड गेस्ट नेटवर्कचा आहे. सचिव मुख्य नेटवर्कवर आणि बाकी सगळे गेस्टवर, एवढा फरक लिहून झाला तेव्हाच शोधाची दिशा स्पष्ट झाली होती.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

सकाळी सभागृह रिकामे असताना प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता पाहिला. फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडला की तो दिसतो, आणि टीव्हीत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मिळतो. टीव्हीचा पत्ता `192.168.1.34` होता आणि सचिवांच्या फोनचा `192.168.1.22`. गेस्टवरील माझ्या फोनचा पत्ता `192.168.5.17` निघाला. घरगुती राउटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे जुळले तर दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर असतात. येथे तिसरा आकडाच वेगळा आहे, म्हणजे राउटरने गेस्टसाठी स्वतंत्र नेटवर्क आखलेले आहे.

यादी रिकामी का राहते, हे समजण्यासाठी फोन टीव्हीला कसा शोधतो ते पाहावे लागते. फोनला टीव्हीचा पत्ता आधी माहीत नसतो. कास्टचे चिन्ह दाखवण्यापूर्वी तो `224.0.0.251` या सामाईक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर, कास्ट करता येणारे उपकरण कोणी आहे का, असा प्रश्न सोडतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. हा प्रश्न वाड्याच्या चौकात उभे राहून मारलेल्या हाकेसारखा असतो: चौकाभोवतीच्या प्रत्येक खोलीत ती ऐकू जाते, पण दिंडी दरवाजाच्या बाहेर जात नाही. हा पत्ता स्थानिक नेटवर्कपुरताच राखलेला असल्यामुळे राउटर तो प्रश्न एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर पाठवत नाही, आणि पाठवू नये हेच नियमाला धरून आहे. टीव्हीपर्यंत प्रश्न पोचत नाही, म्हणून टीव्ही उत्तर देत नाही, म्हणून यादी रिकामी.

लॅपटॉपवर लिनक्स असल्यामुळे हाच प्रश्न हाताने विचारून पाहता आला. पहिली आज्ञा टीव्हीला हाक मारते, दुसरी त्याच्या पत्त्यावर थेट जाऊन कास्टचे ८००९ हे पोर्ट उघडते का ते पाहते:

```
avahi-browse -rt _googlecast._tcp
nc -vz 192.168.1.34 8009
```

लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर असताना पहिल्या आज्ञेने टीव्हीचे नाव आणि पत्ता दाखवला, आणि दुसरीने जोडणी झाल्याचे सांगितले. गेस्टवर गेल्यावर पहिलीला काहीच मिळाले नाही आणि दुसरी बराच वेळ थांबून निष्फळ ठरली.

या दोन आज्ञा नेहमी जोडीने चालवाव्यात, असे मला वाटते. पहिली फसली आणि दुसरी जमली, तर उपकरणांमधला रस्ता मोकळा असून केवळ हाक अडत असते. दोन्ही फसल्या तर रस्ताच बंद असतो. आपल्याकडे रस्ता बंद आहे. गेस्ट नेटवर्क त्याच कामासाठी असते, त्यामुळे राउटर आपले काम चोख करत आहे, असेच म्हणावे लागेल.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी संध्याकाळी सभागृहात बोलावून दाखवले की त्यांच्या फोनवरून यूट्यूबवरील कीर्तन टीव्हीवर व्यवस्थित लागते. त्यांचा फोन गेस्ट नेटवर्कवरच होता. "अरे, माझं चालतंय की! मग नेटवर्कला कशाला दोष देतोस?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता.

खुलासा त्यांच्याच फोनमध्ये मिळाला. त्यांच्या नातवाने काही महिन्यांपूर्वी टीव्हीवर दिसणारा कोड यूट्यूब ॲपमध्ये भरून ठेवला होता. अशी जोडणी केली की फोन आणि टीव्ही दोघेही इंटरनेटवरून यूट्यूबच्या सर्व्हरमार्फत एकमेकांशी बोलतात आणि स्थानिक नेटवर्कवर शोध घेण्याची गरजच उरत नाही. खात्री करण्यासाठी काकूंचे वाय-फाय बंद करून फोन मोबाइल डेटावर ठेवला, तरी कीर्तन पुढे नेता आले आणि थांबवताही आले. मग त्यांच्याच फोनमधील छायाचित्रांच्या ॲपमध्ये कास्टचे चिन्ह शोधले, तेव्हा तिथे टीव्ही नव्हता.

तपासणी करताना म्हणूनच यूट्यूबवर विसंबू नये. ते चालले म्हणजे स्थानिक जोडणी ठीक आहे, असे सिद्ध होत नाही. येथून पुढे प्रत्येक फोनची चाचणी छायाचित्रांच्या ॲपवरूनच करायची असे ठरवले. ज्यांना फक्त यूट्यूब लावायचे आहे, त्यांना तोवर कोडचा मार्ग सांगता येईल. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तेवढ्यावर भागेल.

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

राखी पौर्णिमेची सुट्टी धरून इंटरनेट जोडणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने टीव्हीच्या सेटिंगकडे पाहून निदान केले की टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहे आणि सगळ्यांचे फोन ५ वर आहेत, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. टीव्ही बदला किंवा फोन खालच्या बँडवर आणा. हे निदान पुण्यात मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची चाचणी नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटले.

त्याच्यासमोरच सचिवांचा फोन मुख्य नेटवर्कच्या ५ गिगाहर्ट्झवर जोडला. टीव्ही २.४ वरच होता, कारण त्याला ५ ची सोयच नाही. छायाचित्रांच्या ॲपमध्ये टीव्ही दिसला आणि चित्र पडद्यावर आले. मग फोन २.४ वर आणला, तरीही तेच झाले. बँड वेगळे असूनही गाठ पडत असेल, तर बँडचा वेगळेपणा हे स्वतंत्र कारण असू शकत नाही.

बँड म्हणजे राउटरपर्यंत पोचण्याचा रेडिओचा मार्ग. २.४ चा रेडिओ, ५ चा रेडिओ आणि मागील केबलची पोर्टे ही सगळी राउटरच्या आत सामान्यतः एकाच नेटवर्कला जोडलेली असतात. एका बँडवरून आलेली हाक राउटर दुसऱ्या बँडवर आणि केबलवरही पुढे देतो. दोन बँडना दोन वेगळी नावे दिली म्हणून दोन नेटवर्क तयार होत नाहीत. नाव वेगळे, पण आयपी पत्त्याचे पहिले तीन आकडे तेच राहतात. उलट मुख्य आणि गेस्ट हे दोन्ही २.४ वरच असले, तरी त्यांची गाठ पडत नाही. रोग आणि लक्षण यांची अशी गल्लत झाली की माणसे टीव्ही बदलायला निघतात.

तंत्रज्ञाचे म्हणणे सर्वस्वी निराधार मात्र नाही. काही राउटरांमध्ये सामाईक पत्त्यावरचे संदेश एका बँडवरून दुसऱ्यावर देण्यात खरोखर गडबड असते. तेव्हा टीव्ही सुरुवातीला दिसतो आणि काही मिनिटांनी यादीतून नाहीसा होतो, किंवा टीव्ही नुकताच सुरू केला असेल तरच सापडतो. येण्याजाण्याचा हा खेळ असेल तर बँडकडे आणि राउटरमधील मल्टिकास्टच्या, म्हणजे अशा सामाईक संदेशांच्या, सेटिंगकडे पाहावे. आपल्याकडे मुख्य नेटवर्कवर टीव्ही कायम दिसतो आणि गेस्टवर कधीच दिसत नाही. चित्र इतके स्वच्छ असल्यावर वेगळे कारण शोधण्याचे प्रयोजन नाही.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

सगळ्यांना मुख्य नेटवर्क देता येत नसेल, तर टीव्हीलाच गेस्टवर आणावे, हा पुढचा स्वाभाविक विचार. टीव्हीत गेस्टचा पासवर्ड भरला. त्याला `192.168.5.40` हा पत्ता मिळाला आणि इंटरनेटही सुरू झाले. आता माझा फोन आणि टीव्ही यांचे पहिले तीन आकडे जुळत होते, तरीही यादी रिकामीच राहिली.

याचे कारण राउटरच्या गेस्ट नेटवर्कच्या पानावर होते. तेथे दोन स्वतंत्र खुणा आहेत: `Allow guests to see each other` आणि `Allow guests to access my local network`. दोन्ही बंद होत्या. पहिली खूण पाहुण्यांनी एकमेकांना पाहावे की नाही ते ठरवते आणि दुसरी पाहुण्यांनी मुख्य नेटवर्कवर यावे की नाही ते. लोक या दोहोंना एकच समजतात आणि घाईत दुसरी चालू करून मोकळे होतात. ती चालू केली तर सभागृहात बसलेल्या कोणालाही सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचे पान उघडता येईल, म्हणून ती आपल्याला चालणार नाही. पहिली चालू केली.

फोनवर टीव्ही आला, पण माझ्याच फोनवर, आणि शेजारी बसलेल्या खजिनदारांच्या फोनवर नाही. माझा फोन गेस्टच्या २.४ वर होता आणि त्यांचा ५ वर. म्हणजे काल ज्या बँडला निर्दोष ठरवले, तोच आज आडवा आला. पण आडवा येण्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. लॅपटॉप गेस्टच्या ५ गिगाहर्ट्झवर जोडून टीव्हीला पिंग केले, तेव्हा असे उत्तर आले:

```
From 192.168.5.21 icmp_seq=1 Destination Host Unreachable
```

यातला `192.168.5.21` हा पत्ता लॅपटॉपचा स्वतःचा आहे. दूरचे कोणी नकार देत नव्हते. लॅपटॉपच सांगत होता की या नेटवर्कवर असे उपकरण मला आढळले नाही. पत्ता एकाच नेटवर्कचा असल्यामुळे लॅपटॉपने प्रथम टीव्हीचा हार्डवेअर पत्ता विचारला, आणि तो प्रश्नच पलीकडच्या बँडवर गेला नाही. गेल्या रविवारी मुख्य नेटवर्ककडे पिंग केले असते तर केवळ शांतता मिळाली असती, कारण तेथे संदेश राउटरकडे जाऊन राउटरने तो टाकून दिला असता. `Destination Host Unreachable` स्वतःच्याच पत्त्यावरून येत असेल आणि ते उपकरण दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून पिंगला उत्तर देत असेल, तर एकाच नेटवर्कच्या आत भिंत आहे, असे समजावे. टीव्ही झोपलेला असला तरी हेच उत्तर येते, त्यामुळे टीव्ही जागा आहे याची खात्री २.४ वरच्या फोनवरून आधी करून घेतली होती.

निष्कर्ष असा की या राउटरमध्ये `Allow guests to see each other` ही खूण प्रत्येक बँडपुरतीच लागू होते. एका बँडवरचे पाहुणे एकमेकांना पाहू शकतात, पण गेस्टच्या दोन बँडमधील अडसर कायम राहतो आणि तो हटवण्याची सोय पानावर कुठेही नाही. मुख्य नेटवर्कवर बँड जोडलेले आणि गेस्टवर तोडलेले, असे हे एकाच यंत्राचे दोन चेहरे आहेत. बँड हे कारण ठरते ते अशा ठिकाणी, आणि तेथेही ते अलगीकरणाच्या आडून ठरते.

गेस्टचा ५ बंद करून सगळ्यांना २.४ वर आणण्याचा मार्ग उरतो. मात्र कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेले असेल. आजूबाजूच्या इमारतींची नेटवर्केही २.४ वरच दाटलेली असतात, कारण तेथे एकमेकांवर न चढणाऱ्या तीनच वाहिन्या मिळतात, १, ६ आणि ११. तरीही मधल्या काळात ही सोय ठेवावी म्हणून गेस्टचा ५ बंद केला. टीव्हीला केबल जोडून हा प्रश्न टाळता येईल का, असे खजिनदारांनी विचारले. गेस्टवर तसे होत नाही, कारण राउटरच्या मागची केबलची पोर्टे मुख्य नेटवर्कची असतात. केबल लावताच टीव्ही पुन्हा मुख्य नेटवर्कवर जाईल.

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

समितीच्या बैठकीत दुसरा राउटर घेण्यास मंजुरी मिळाली. जुना एक राउटर एका सभासदाच्या घरी पडून होता, त्यांनी तो दिला, त्यामुळे खर्च केबलपुरताच राहिला.

दुसरा राउटर कोणत्या बाजूला लावायचा, हा आजच्या चर्चेचा मुख्य विषय होता. सर्वांच्या मनात पहिले चित्र असे होते की दुसरा राउटर सभागृहात ठेवावा, टीव्ही आणि सभासद त्यावर घ्यावेत आणि कार्यालय आहे तसेच राहू द्यावे. हे दिसायला सुटसुटीत असले तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने उलटे आहे. दुसऱ्या राउटरच्या मागे बसलेली उपकरणे बाहेर जाताना पहिल्या राउटरच्या नेटवर्कमधूनच जातात, आणि `192.168.1.50` या पत्त्यावर असलेला रेकॉर्डर त्यांच्या दृष्टीने बाहेरच्याच जगातला एक पत्ता ठरतो. सभागृहातील फोनवर तो पत्ता टाइप केला की रेकॉर्डरचे पान उघडेल. राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो. आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही.

म्हणून जपायची वस्तू आत ठेवायची, असे ठरले. दुसरा राउटर कार्यालयात राहील आणि त्याच्या मागे रेकॉर्डर, संगणक व प्रिंटर जातील. पहिल्या राउटरचे मुख्य नेटवर्क सभागृहाचे होईल. त्यावर दोन्ही बँड एकमेकांना जोडलेलेच आहेत, हे ९ तारखेला तपासलेले आहे, आणि केबलने जोडलेला टीव्हीही त्याच नेटवर्कवर येईल. गेस्ट नेटवर्क बंद करता येईल.

सचिवांनी हरकत घेतली की रेकॉर्डर दोन राउटरांच्या मागे गेल्यावर त्यांना घरून कॅमेरे पाहता येणार नाहीत. आपला रेकॉर्डर क्यूआर कोडने फोनला जोडलेला आहे आणि तो स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो, त्यामुळे अडचण येऊ नये. राउटरमध्ये पोर्ट उघडून पाहण्याची जुनी पद्धत असती, तर मात्र दोन्ही राउटरांवर ती नव्याने करावी लागली असती.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

दुसऱ्या राउटरचे अंतर्गत नेटवर्क `192.168.20.x` असे ठेवले. दोन्ही राउटर कारखान्यातून `192.168.1.1` याच पत्त्यावर येतात, आणि तसेच जोडले तर दुसऱ्याला आत कोणते आणि बाहेर कोणते हेच कळत नाही. पहिल्या राउटरच्या एका पोर्टमधून निघालेली केबल दुसऱ्याच्या `WAN` पोर्टमध्ये गेली. ती चुकून `LAN` पोर्टमध्ये गेली असती तर दुसरा राउटर केवळ जोडपट्टी बनला असता आणि सगळी उपकरणे पुन्हा एकाच नेटवर्कवर आली असती, तेही कोणाला कळू न देता.

रेकॉर्डरचा पत्ता हाताने घातलेला स्थिर पत्ता होता. म्हणून केबल हलवण्यापूर्वी मॉनिटर आणि माउस जोडून रेकॉर्डरच्या मेनूत पत्ता `192.168.20.50` आणि गेटवे `192.168.20.1` असा बदलला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबल हलवली की रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर अडून बसतो आणि नेटवर्कवरून त्याला गाठता येत नाही.

वायरमनकडून कार्यालयापासून टीव्हीपर्यंत कॅट ६ केबल कडेच्या पट्टीतून ओढून घेतली. टीव्हीचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहे. उच्च दर्जाच्या चलचित्रालाही साधारण २५ एमबीपीएस पुरतात, म्हणून ते कमी नाही. टीव्हीचे वाय-फाय बंद करून ठेवले, जेणेकरून तो पुन्हा भलत्या नेटवर्कवर जाणार नाही.

तपासणी दोन्ही अंगांनी केली. सभागृहाच्या नेटवर्कवर लॅपटॉप ठेवून एमडीएनएसची आज्ञा चालवली, तेव्हा टीव्ही २.४ वरूनही सापडला आणि ५ वरूनही. मग त्याच लॅपटॉपवरून रेकॉर्डरच्या पत्त्यावर जाऊन पाहिले:

```
nc -vz -w 5 192.168.20.50 80
```

जोडणी झाली नाही. कार्यालयाच्या नेटवर्कवर येऊन तीच आज्ञा दिली, तेव्हा लगेच झाली. दुसऱ्या चाचणीशिवाय पहिलीला अर्थ नसतो, कारण रेकॉर्डर बंद असता तरी पहिलीचे उत्तर तेच आले असते. सचिवांनी मोबाइल डेटावरून कॅमेरे उघडून पाहिले, तेही दिसले.

सभागृहात आता पहिल्या राउटरचे व्यवस्थापनाचे पान सर्वांच्या आवाक्यात आले असल्यामुळे त्याचा पासवर्ड बदलला आणि तो चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवला. एक मर्यादा समितीला लेखी कळवली आहे: कार्यालयातून बाहेर जाणारा सर्व प्रवाह पहिल्या राउटरच्या नेटवर्कवरूनच जातो. बँकेची संकेतस्थळे तो गुप्त करूनच पाठवतात, पण पूर्ण अलगपणा हवा असेल तर व्हीलॅनची, म्हणजे एकाच राउटरवर स्वतंत्र नेटवर्के आखण्याची, सोय असलेला राउटर घ्यावा लागेल. आपल्या गरजेला तो खर्च मला तरी योग्य वाटत नाही.

एक गंमत झाली. सुरुवातीला ज्यांच्या एकट्यांच्या फोनवरून टीव्ही सापडत असे, त्या सचिवांना आता तो सापडेना, कारण त्यांचा फोन सवयीने कार्यालयाच्या वाय-फायला जोडला गेला होता. कार्यालयातून टीव्हीचा पत्ता गाठता येतो, पण हाक दुसऱ्या राउटरच्या पलीकडे जात नाही. सभागृहाचे वाय-फाय निवडल्यावर त्यांना तो दिसू लागला.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

संध्याकाळी सभासदांना फोन घेऊन यायला सांगितले होते. बहुतेकांच्या फोनवर टीव्ही आपोआप आला. जे उरले, त्यांची कारणे फोनमध्येच होती.

एका काकांच्या आयफोनवर छायाचित्रांच्या ॲपमध्ये टीव्ही दिसेना, पण यूट्यूबमध्ये दिसत होता. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्क पाहण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा विचारल्यावर काकांनी ती नाकारली होती. सेटिंगमधील गोपनीयतेच्या भागात `Local Network` या नावाखाली ती चालू केली आणि ॲप बंद करून उघडले, तेव्हा टीव्ही आला. काकांचे म्हणणे असे की अनोळखी प्रश्नाला नाही म्हणायचे हेच आम्हाला सगळे शिकवतात. त्यावर मला उत्तर नव्हते.

नोकरीसाठी दिलेल्या एका फोनवर कंपनीचा व्हीपीएन सतत चालू होता. तो सगळा प्रवाह कंपनीकडे वळवतो, त्यात स्थानिक हाकही अडकते. तेवढ्या वेळापुरता व्हीपीएन थांबवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्यांनी छायाचित्रे घरच्या दुसऱ्या फोनवर घेतली. आणखी एक फोन अजून जुन्या गेस्ट नेटवर्कचे नाव शोधत असल्यामुळे मोबाइल डेटावरच होता.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

मुलांच्या रंगीत तालमीच्या वेळी पहिल्यांदा सभागृह भरलेले असताना टीव्ही वापरला. टीव्ही मध्येच यादीतून नाहीसा होतो का, हे पाहण्यासाठी तो तालमीभर चालू ठेवला आणि अधूनमधून वेगवेगळ्या फोनवर यादी उघडून पाहिली. तो प्रत्येक वेळी होता, म्हणजे राउटरच्या मल्टिकास्टच्या सेटिंगला हात लावण्याची गरज नाही.

कास्ट आणि संपूर्ण पडदा दाखवणे यांत आज फरक जाणवला. यूट्यूबसारख्या ॲपमधून कास्ट केले की फोन टीव्हीला फक्त काय लावायचे ते सांगतो आणि टीव्ही ते इंटरनेटवरून स्वतः आणतो. फोन खिशात ठेवला तरी चालते. पूर्ण पडदा दाखवताना मात्र फोनला प्रत्येक क्षणाचे चित्र स्वतः वाय-फायवरून पाठवत राहावे लागते. २.४ वर जोडलेल्या एका फोनवरून नाचाचे चलचित्र असे दाखवले, तेव्हा ते अडखळत होते. त्याच फोनला ५ वर आणल्यावर सुरळीत झाले. बँडचा फरक दिसतो तो येथे, टीव्ही सापडण्यात नव्हे. म्हणून कार्यक्रमात पडदा दाखवणाऱ्यांनी ५ चे नाव निवडावे, असे सूचनाफलकावर लावले आहे.

दुसरी गोष्ट अशी की आता सभागृहाच्या वाय-फायवरील कोणीही टीव्हीवर काही लावू शकतो. निवेदन चालू असताना मागच्या रांगेतल्या कोणा मुलाने कार्टून सुरू केले. अँड्रॉइड फोनवर इतरांचे कास्ट थांबवण्याची सूचनाही येते, त्यामुळे तेही कोणाच्या तरी हातून थांबले. टीव्हीला पासवर्ड घालून हे रोखता येत नाही. ज्याच्याकडे वाय-फायचा पासवर्ड आहे, त्याच्याकडे टीव्ही आहे. कार्यक्रमाच्या दिवसांपुरता सभागृहाच्या वाय-फायचा पासवर्ड बदलून तो फक्त सूत्रसंचालक आणि छायाचित्रे दाखवणाऱ्यांना द्यावा, असा प्रस्ताव समितीपुढे ठेवला आहे. तो मान्य झाल्यास पासवर्ड २६ तारखेला रात्री बदलायचा आहे. टीव्ही केबलवर असल्यामुळे त्याच्यात काही बदलावे लागणार नाही. एक लांब एचडीएमआय केबलही टीव्हीखालच्या खणात ठेवली आहे.